दर रविवारी पेरलं, तरी दर रविवारी भाजी नाही: एका गच्चीवरच्या मेथी, पालक, कोथिंबिरीचं प्रकरण

आमच्या सोसायटीत, पुण्यात, खालच्या मजल्यावर एक काकू राहतात. शाळेत नोकरी करून निवृत्त झालेल्या, त्यामुळे वही आणि तारीख या दोन गोष्टी हातात भिनलेल्या. 2023 च्या घटस्थापनेला, म्हणजे 15 ऑक्टोबरला, त्यांनी देवघरात घट बसवला आणि त्याच दिवशी गच्चीवर पालेभाजीची पहिली क्रेट पेरली. तो रविवार होता. तेव्हापासून दर रविवारी न चुकता मेथीची एक क्रेट, एक रविवार आड कोथिंबिरीची एक आणि महिन्यातून एकदा पालकाची एक, असा त्यांचा नेम. घरात चार माणसं. आठवड्यातून एकदा मेथी, एकदा पालक आणि रोज फोडणीवर, आमटीवर घालायला मूठभर कोथिंबीर मिळावी, एवढीच अपेक्षा होती.

मार्चच्या शेवटी त्या वही घेऊन माझ्याकडे आल्या. "अगं, एक रविवार चुकवला नाही मी. तरी नाताळाच्या सुमाराला अडीच आठवडे घरात मेथी नाही आणि आता शेजारीपाजारी वाटून कंटाळले. असं का होतं, ते सांग."

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला, कारण टप्प्याटप्प्याने पेरणीबद्दल बोलताना आपण सगळे सरसकट एकच सांगतो: आठवड्याला थोडं थोडं पेरा. काकूंनी नेमकं तेच केलं होतं, तेही कुणी करत नाही इतक्या काटेकोरपणे. म्हणून ते कुठे फसलं हे त्यांच्या वहीतून स्वच्छ दिसत होतं.

आधी मांडणी सांगते. भाजीवाल्यांकडे असतात तसल्या प्लास्टिकच्या क्रेट, साधारण 54 सेंटिमीटर लांब आणि 36 रुंद. आतून जुनं गोणपाट लावलेलं, वर आठ-नऊ इंच माती. मातीत कोकोपीट आणि गांडूळखत जवळजवळ निम्म्याने. मेथीला सात क्रेट, कोथिंबिरीला चार, पालकाला तीन, अशा चौदा. गच्ची पूर्वेकडे मोकळी, त्यामुळे सकाळपासून दुपारी दोनपर्यंत ऊन. माती, ऊन, खत यांत काही कमी नव्हतं, हे मी आधी पाहून घेतलं.

एवढ्या क्रेटमधून किती मिळतं, याचा अंदाज असल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मेथीची एक क्रेट उपटली की मुळं कापून अडीचशे-तीनशे ग्रॅम भरते, म्हणजे बाजारातली एक बेताची जुडी. चौघांना एका वेळची भाजी, तीही डाळ किंवा बटाटा घालून. कोथिंबिरीची क्रेट रोज खुडली तर दोन-अडीच आठवडे पुरते. पालकाची एक कापणी दोनशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका वेळची पातळ भाजी.

वही उघडल्यावर मी सगळ्यात आधी एक गोष्ट केली. काकूंनी पेरणीची तारीख एका पानावर आणि उपटल्याची तारीख दुसऱ्या पानावर लिहिली होती. त्या दोन्ही एका ओळीत आणल्या आणि मधले दिवस मोजले. ऑक्टोबरात पेरलेली मेथी 24-25 दिवसांत तयार झाली होती. 5 नोव्हेंबरला पेरलेली 27 दिवसांत, 2 डिसेंबरला. 12 नोव्हेंबरची 29 दिवसांत, म्हणजे 11 डिसेंबरला. 19 नोव्हेंबरची 31 दिवसांनी, 20 डिसेंबरला. 26 नोव्हेंबरची क्रेट 29 डिसेंबरच्या सुमाराला यायला हवी होती, पण ती मरीने गेली, तिच्याकडे नंतर येते. 3 डिसेंबरची 35 दिवसांनी, थेट 7 जानेवारीला.

पेरणीत सात दिवसांचं अंतर आणि तोडणीत नऊ दिवसांचं. एवढंच घडलं होतं. एखाद्या आठवड्यात ते जाणवत नाही, पण दर खेपेला दोन दिवस मागे सरकत जातात आणि मधली एक क्रेट वाया गेली की 20 डिसेंबर ते 7 जानेवारी असं अठरा दिवसांचं भगदाड पडतं. काकूंचे अडीच आठवडे ते हेच.

मग वहीचं पुढचं पान. 10 डिसेंबरपासून 7 जानेवारीपर्यंत पेरलेल्या क्रेटना प्रत्येकी 36 दिवस लागले होते. या काळात अंतर बरोबर सातचं सात राहिलं आणि जानेवारीच्या मध्यापासून 12 फेब्रुवारीपर्यंत दर आठवड्याला मेथी मिळाली. काकूंना वाटलं, आता घडी बसली. पण 14 जानेवारीच्या क्रेटला 34 दिवस लागले, 21 च्या क्रेटला 32, 28 च्या क्रेटला 30, फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारच्या क्रेटला 28 आणि त्यापुढे 26, 24, 23 अशी उतरण. तोडणीच्या तारखा पाहा: 12, 17, 22, 27 फेब्रुवारी, मग 3, 8, 13 आणि 19 मार्च. पेरणी सात दिवसांनी, तोडणी पाच दिवसांनी.

2 डिसेंबर ते 7 जानेवारी या 36 दिवसांत हातात आल्या चार क्रेट. 12 फेब्रुवारी ते 19 मार्च, तेवढ्याच 36 दिवसांत आल्या आठ. पेरणीचा नेम दोन्हीकडे एकच होता. हे दोन आकडे मी कागदावर लिहून दाखवले, तेव्हा काकू बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिल्या.

याचं कारण अवघड नाही. मेथीचं रोप दिवस मोजत नाही, ऊब मोजतं. तयार व्हायला त्याला ठरावीक ऊब साठवावी लागते. दिवस उबदार असले तर ती लवकर साठते, गार असले तर रेंगाळत. 5 नोव्हेंबरला पेरलेल्या क्रेटचं बरंचसं आयुष्य नोव्हेंबरच्या उबेत गेलं. 12 तारखेच्या क्रेटला त्या उबेतला एक आठवडा कमी मिळाला आणि शेवटाला डिसेंबरच्या गारठ्यातला एक आठवडा जास्त. म्हणून ती नुसती सात दिवस मागे नव्हती, नऊ दिवस मागे पडली. थंडी उतरताना हेच उलटं होतं: उशिरा पेरलेल्या क्रेटला शेवटी गरम दिवस मिळतात आणि ती आधीच्या क्रेटला गाठायला धावते.

आता इथे मला माझीच एक चूक सांगायला हवी. कॅलेंडर पाहू नका, आधीच्या क्रेटमधल्या रोपांना पहिलं खरं पान फुटलं की पुढची क्रेट पेरा, असं मी वर्षानुवर्षं लोकांना सांगत आले. मेथीत ही खूण ओळखायला सोपी असते: आधी दोन जाडसर दलपत्रं, मग एक एकेरी पान आणि त्यानंतरच नेहमीचं तीन दलांचं पान. ते एकेरी पान उलगडलं की पुढची पेरणी. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, कारण हवामानाचा अंदाज आपण रोपावर सोपवतो. काकूंच्या वहीवर तो नियम लावून पाहिला आणि तो निम्माच खरा निघाला.

जानेवारीत तो चालतो. गारठ्यात एकेरी पान यायला नऊ-दहा दिवस लागतात, म्हणजे पेरण्या आपोआप नऊ-दहा दिवसांच्या अंतराने होतात आणि पुढे ऊन वाढल्यावर त्या क्रेट सात-सात दिवसांनी हाताशी येतात. पण नोव्हेंबरात तेच पान सहा-सात दिवसांत फुटतं. म्हणजे हा नियम पाळला असता तरी काकू दर रविवारीच पेरत राहिल्या असत्या आणि तेच भगदाड पडलं असतं. पेरतानाची हवा रोप सांगतं, पण ते तयार होईल तेव्हाची हवा कशी असेल हे त्याला माहीत नसतं. ते आपल्याला माहीत असतं, कारण थंडी दरवर्षी त्याच सुमाराला येते.

म्हणून उपाय उलट्या बाजूने शोधावा लागला. पेरणीची तारीख धरून पुढे मोजायचं नाही. जेवायची तारीख धरायची आणि तिथून मागे यायचं. किती मागे, ते काकूंची वहीच सांगत होती.

2024 च्या हंगामासाठी आम्ही डिसेंबरातले रविवार लिहिले आणि प्रत्येकासमोर वहीतले दिवस वजा केले. 8 डिसेंबरची भाजी हवी तर 28 दिवस मागे, 10 नोव्हेंबरला पेरायची. 15 डिसेंबरसाठी 30 दिवस मागे, 15 नोव्हेंबर. 22 डिसेंबरसाठी 21 नोव्हेंबर, 29 साठी 26 नोव्हेंबर आणि 5 जानेवारीसाठी 1 डिसेंबर. म्हणजे थंडी चढत असताना दर पाच, क्वचित सहा दिवसांनी पेरणी. हे सहसा कुणाला सुचत नाही. थंडीत रोपं सावकाश वाढतात म्हणून माणूस हात आखडता घेतो, सावकाश पेरतो. करायचं नेमकं उलट असतं: गारठा येण्याआधी हात घाईने चालवायचा.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सात दिवसांचा नेम ठीक आहे, तिथे काही बदललं नाही. पुढे मात्र हात सैल सोडायचा. 16 फेब्रुवारीच्या भाजीसाठी 13 जानेवारीला पेरलं, 23 फेब्रुवारीसाठी 22 जानेवारीला, 2 मार्चसाठी 1 फेब्रुवारीला, 9 मार्चसाठी 11 फेब्रुवारीला आणि 16 मार्चसाठी 20 फेब्रुवारीला. नऊ-दहा दिवसांचं अंतर. या दिवसांत ऊन छान असतं, माती उबदार, बी तीन दिवसांत वर येतं आणि पेरायला हात शिवशिवतात. काकूंनी वहीत प्रत्येक तारखेभोवती लाल पेनने चौकट केली होती, ती त्याचसाठी.

मेथीबद्दल आणखी एक गोष्ट या प्रकरणात कामी आली, ती म्हणजे तयार झालेली क्रेट किती दिवस थांबू शकते. जानेवारीत तयार मेथी दहा-बारा दिवस तशीच उभी राहते, पानं कोवळीच असतात. मार्चमध्ये तिला चार-पाच दिवसांपेक्षा जास्त धीर नसतो. दांडा ताठ होतो, पानं लहान निघतात आणि शेंड्याला कळी दिसते. म्हणून थंडीत दोन-तीन दिवस इकडेतिकडे झाले तर बिघडत नाही, उन्हाळ्याच्या तोंडावर बिघडतं. एका मार्चातल्या क्रेटला ठरलेल्या रविवारऐवजी गुरुवारीच उपटावं लागलं, कारण मधल्या आठवड्यात ऊन एकाएकी चढलं. मुळांसकट वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली की ती रविवारपर्यंत चांगली राहते.

आता ती मेलेली क्रेट. 26 नोव्हेंबरची मेथी छान दाट उगवली आणि नवव्या-दहाव्या दिवशी एका कोपऱ्यातली रोपं आडवी पडायला लागली. दुसऱ्या दिवशी ताटलीएवढा गोल, तिसऱ्या दिवशी अर्धी क्रेट. पडलेलं रोप हातात घेऊन पाहिलं तर मातीलगतचा दांडा दोऱ्यासारखा बारीक, पाणचट आणि तपकिरी झालेला असतो, वरची पानं मात्र अजून हिरवी. पाण्याअभावी कोलमडलेलं रोप वेगळं दिसतं, त्याचा दांडा शाबूत असतो आणि पाणी दिलं की तासाभरात उभं राहतं. हा फरक ओळखता आला नाही तर माणूस मरीलाच आणखी पाणी घालतो. काकूंनी तेच केलं होतं.

वहीत कारणंही सापडली. त्याच क्रेटमध्ये आधीच्या महिन्यात मेथीच होती. बी पाच चमचे टाकलं होतं. एवढ्या जागेला तीन चहाचे चमचे पुरतात. पाणी संध्याकाळी दिलं जात होतं, म्हणजे थंडीत रात्रभर माती ओली आणि दाट रोपांच्या बुडाशी वाऱ्याला वाट नाही. पुढच्या हंगामात तीन गोष्टी बदलल्या. पाणी सकाळी, तेही मातीत वाफसा आला की मगच. बी तीनच चमचे. आणि मेथी उपटली की त्या क्रेटमध्ये लगेच मेथी नाही. दोन मुठी गांडूळखत मिसळून चार-पाच दिवस माती उन्हात मोकळी ठेवायची आणि त्यात शक्यतो पालक किंवा कोथिंबीर लावायची. मेथी शेंगवर्गातली, तिच्या मुळांवर नत्राच्या गाठी असतात. उपटताना बारीक मुळं तुटून मातीत राहतात आणि पानांसाठी नत्र मागणाऱ्या पालकाला तिथे बरं मानवतं.

शिवाय एक क्रेट कायम जादा पेरायची ठरली, चौदाच्या वर पंधरावी. नोव्हेंबरच्या वेळापत्रकात एक जरी क्रेट गेली तरी मधला आठवडा कोरडा जातो, कारण मेथी पुन्हा फुटत नाही. खुडून घेतली तर थोडी पालवी येते, पण तिच्यावर आठवड्याची भाजी होत नाही. कसुरी मेथीची गोष्ट वेगळी, तिला पुन्हा पुन्हा कापता येतं. पण ती वाढायला फार सावकाश, आणि साध्या मेथीच्या भाजीची चव तिला नाही. काकूंच्या घरी ती कुणाला नको होती.

कोथिंबिरीचं दुखणं निराळं होतं. तिच्या बाबतीत पेरण्यांमधलं अंतर मेथीइतकं नडत नाही, कारण ती एका दिवसात संपत नाही. रोज थोडी खुडता येते आणि एका क्रेटचा शेवट दुसऱ्या क्रेटच्या सुरुवातीवर चढतो. थंडीत तर एक क्रेट महिनाभर चांगली राहते. अडचण होती दोन टोकांना: ऑक्टोबरात उगवतच नव्हती आणि मार्चमध्ये थांबत नव्हती.

ऑक्टोबरातली पहिली क्रेट बाराव्या दिवशी जेमतेम एक तृतीयांश उगवली. काकूंनी स्वयंपाकघरातल्या डब्यातले धणे अख्खेच टाकले होते. धण्याचा एक गोल दाणा म्हणजे खरं तर दोन बिया एकमेकींना चिकटलेल्या असतात. पोळपाटावर पसरून लाटण्याने हलकं रगडलं की त्याचे दोन भाग होतात. जोर जास्त लागला तर बी चुरडतं, म्हणून दाणा फुटल्याचा आवाज आला की थांबायचं. मग रात्रभर भिजत ठेवायचे, सकाळी निथळून बोटाच्या पेराच्या निम्म्या खोलीवर पेरायचे आणि वर ओलं गोणपाट टाकायचं. ऑक्टोबर हीटमध्ये वरची माती दुपारी तापते आणि वाळते. दहा-बारा दिवस ती सारखी ओलसर ठेवणं गोणपाटाशिवाय अवघड. पहिला कोंब दिसला की त्याच संध्याकाळी गोणपाट काढायचं, नाहीतर कोंब पांढरे, लांबुडके होतात.

डब्यातले धणे जुने असू शकतात, म्हणून काकू आता आधी चाचणी घेतात. फोडलेले वीस भाग ओल्या कापडात गुंडाळून डब्यात ठेवायचे, दहाव्या दिवशी किती फुटले ते मोजायचे. बाराच्या खाली आले तर ते धणे आमटीला. पेरायला दुसरे आणायचे.

मार्चचं टोक मात्र असं सुटत नाही. फेब्रुवारीत पेरलेल्या दोन्ही क्रेट मार्च संपता संपता एकदम फुलावर आल्या, त्यात पेरणीच्या अंतराचा काही संबंध नव्हता. दिवस मोठा होऊ लागला आणि ऊन चढलं की कोथिंबीर पानं सोडून फुलाच्या मागे लागते. आधी मधला दांडा जाड होतो, मग त्यावरची नवी पानं शेपूसारखी बारीक, दोऱ्यादोऱ्यांची निघतात. ती पानं दिसली की दोन-तीन दिवसांत सगळी क्रेट उपटून घ्यायची. शेंडा खुडला तर बाजूने पुन्हा तसेच दोरे येतात, रुंद पान येत नाही. काकू आठवडाभर शेंडे खुडत बसल्या होत्या आणि त्या आठवड्यात होती ती चांगली पानंही कडवट झाली.

फेब्रुवारीच्या मध्यापासून त्यांनी कोथिंबिरीची रीत बदलली. बी दुपटीने दाट, वर हिरवी जाळी, आणि पूर्ण वाढीची वाट न पाहता पस्तिसाव्या दिवसाच्या आतच, वीतभर असताना, मुळासकट उपटायची. एवढ्या कोवळ्या वयात तिला दांडा धरायला वेळच मिळत नाही. क्रेट दहा दिवसांत संपते, म्हणून दर दहा दिवसांनी पेरावी लागते. पान बारीक निघतं आणि वास डिसेंबरातल्या कोथिंबिरीसारखा नसतो, हे मान्य करून चालावं लागतं.

पालकात काकूंच्या वहीत अजब दिसलं. 15 ऑक्टोबरची क्रेट 35 व्या दिवशी पहिल्यांदा कापली, 18 दिवसांनी दुसऱ्यांदा, तेवढ्याच दिवसांनी तिसऱ्यांदा, सगळं व्यवस्थित. पण नोव्हेंबरात पेरलेली क्रेट एकदाच कापली आणि संपली. चौकशी केली तर ती कापणी सुनेने केली होती, बाजारातल्या जुडीसारखी दिसावी म्हणून मातीलगत कात्री चालवून. पालकाचं नवं पान मधल्या गाभ्यातून फुटतं. तो गाभा मातीच्या जरा वर असतो आणि मातीलगत कापलं की तोच जातो. दोन बोटं वर ठेवून कापलं तर मधली इवली पानं शाबूत राहतात आणि दुसऱ्याच दिवशी वाढू लागतात. सून म्हणाली, "आई, मला वाटलं खालून कापलं तर नवीन फुटवे जोमाने येतील." गुलाबाला ते खरं आहे, पालकाला नाही.

म्हणजे पालकाचा पुरवठा पेरणीवर कमी आणि कात्रीवर जास्त अवलंबून असतो. आपल्याकडे पालक म्हणून जे बी मिळतं, ऑल ग्रीनसारखं, ते बिटाच्या कुळातलं असतं. नीट कापलं तर चार-पाच कापण्या देतं आणि ऊनही बऱ्यापैकी सोसतं. विलायती पालक निराळा, तो आपल्या मार्चमध्ये टिकत नाही. बिटासारखंच या बियांतही एका खरखरीत गाठीतून दोन-तीन रोपं येतात, म्हणून आठ दिवसांनी प्रत्येक ठिकाणी एक ठेवून बाकीची खुडून आमटीत टाकावीत. एका क्रेटमध्ये चाळीस रोपं भरपूर झाली.

तीन क्रेट आळीपाळीने कापल्या तर चौघांना साधारण आठवड्याला एक भाजी मिळते. थंडीत कापण्यांमधलं अंतर अठरावरून बावीस दिवसांवर जातं, तेवढ्यापुरती भाजी पातळ होते आणि त्यात मुगाची डाळ जास्त पडते. नव्या क्रेटची पेरणी महिन्याने एक, ती जुनी क्रेट बाद करण्यासाठी. पाचव्या कापणीनंतर पानं लहान येतात आणि त्यांवर राखाडी मधला भाग आणि भोवती तांबडं कडं असे गोल ठिपके दिसू लागतात. अशी क्रेट मोहाने ठेवली तर पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर ठिपके शेजारच्या कोवळ्या क्रेटवर जातात. ठिपके दिसले की पानं कचऱ्यात आणि क्रेट रिकामी.

2024-25 चा हंगाम काकूंनी या नव्या तारखांवर चालवला. 8 डिसेंबर ते 16 मार्च हे पंधरा रविवार. त्यांत मेथी तेरा वेळा ठरलेल्या रविवारी किंवा एक-दोन दिवस मागेपुढे मिळाली. मार्चातली एक गुरुवारी उपटावी लागली, ते वर आलंच. एकदा, जानेवारीच्या शेवटी, मुळीच मिळाली नाही, कारण मुलाच्या घरी गेल्यावर पाणी घालायला कुणी नव्हतं आणि दोन क्रेट वाळल्या. पंधराव्या जादा क्रेटने त्यातली एक भरून काढली.

या तारखा पुण्याच्या आहेत. कोकणात हिवाळा इतका गार नसतो, तिथे 27 चे 36 दिवस होणार नाहीत आणि अंतरातला फरकही कमी पडेल. जिथे थंडी जास्त, तिथे तो वाढेल. आकडे उचलून उपयोग नाही, उलटं मोजणं उचलता येतं. त्यासाठी निदान एका हंगामाची, पेरणी आणि तोडणी एकाच ओळीत लिहिलेली स्वतःची वही लागते. पहिल्या वर्षी ती नसेल तर पेरणी सात दिवसांनीच करावी, फक्त नोव्हेंबरात दोन क्रेट जादा टाकाव्यात आणि जानेवारीच्या मध्यानंतर पेरणीचं अंतर नऊ-दहा दिवसांवर न्यावं.

पावसाळ्याचं गणित यात बसवता आलेलं नाही. जुलैत काकूंनी पत्र्याखाली मेथीच्या दोन क्रेट लावल्या होत्या, दोन्ही ढगाळ हवेत लांबुळकी होऊन कुजल्या. पालक तेवढा तगला. यंदा त्या मेथीऐवजी त्या जागी चवळी आणि माठ लावणार आहेत, आणि वहीत त्यांच्यासाठी दोन नवे रकाने आखून झाले आहेत.